शेड्यूल केलेल्या पोस्टमध्ये केकची किंमत चुकली, तर दुरुस्तीची सूचना कशी लिहायची?



पोस्ट शेड्यूल कशी करायची हे आपण व्हिडिओत बघतो. पण शेड्यूल केलेली पोस्ट ठरल्या वेळी आपोआप जाते, त्या वेळी मालक भट्टीसमोर असतो, मोबाइल पिठाच्या डब्यावर पडलेला असतो, आणि पोस्टमध्ये किंमत चुकलेली असते. मग काय करायचं, हे व्हिडिओच्या दहा मिनिटांत बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बेकरीवाल्यांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांचा निम्मा धंदा इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरवर चालतो त्यांच्यासाठी.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा अहिल्यानगरला, सावेडीच्या पाइपलाइन रोडला तुमची बेकरी आहे. एगलेस ब्लॅक फॉरेस्ट अर्धा किलो ₹३५० आणि एक किलो ₹६८०. नाताळच्या ऑर्डरसाठी आठ दिवस आधी पोस्ट बनवली, मेटा बिझनेस सूटमध्ये २४ डिसेंबर, बुधवार, सकाळी ९ ची वेळ लावली. चित्रावर छापलं गेलं : "१ किलो ब्लॅक फॉरेस्ट, फक्त ₹३५०". अर्ध्या किलोची किंमत एक किलोच्या शेजारी बसली. बेकरीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आकडा बरोबर असतो, वजन चुकतं, म्हणून तपासणाऱ्याच्याही डोळ्याला खटकत नाही.

११ वाजून २० मिनिटांनी केडगावहून एका ताईंचा फोन येतो, "दादा, एक किलो साडेतीनशेला म्हणजे क्रीम कमी करताय का?" तेव्हा कळतं.

लिहायच्या आधीची वीस मिनिटं

बहुतेक जण इथे घाईने पोस्ट डिलीट करतात आणि गप्प बसतात. ते चुकीचं आहे. तोपर्यंत स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर, भिस्तबागच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेलेला असतो. तुमच्या पेजवर काहीच दिसत नाही आणि लोकांच्या हातात तुमच्या लोगोसकट ₹३५० आहे, अशी अवस्था होते. मग दुपारी येणारा माणूस म्हणतो, "टाकली पण तुम्हीच आणि काढली पण तुम्हीच."

पहिलं काम म्हणजे पुढचं थांबवणं. तेच चित्र तुम्ही संध्याकाळच्या स्टोरीला, २५ तारखेच्या सकाळला, कदाचित ३१ डिसेंबरच्या पोस्टलाही लावलेलं असणार. प्लॅनरमध्ये जाऊन सगळं शेड्यूल उघडा आणि ते चित्र असलेलं प्रत्येक काढा. पोस्टवर पैसे लावून जाहिरात चालू असेल तर ती आधी पॉज करा. सकाळी दुरुस्ती आणि संध्याकाळी पुन्हा तीच चुकीची किंमत, असं झालं तर पुढच्या दुरुस्तीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरं, चुकीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट वेळेसकट स्वतःकडे ठेवा आणि आतापर्यंत कोणी काय विचारलं ते वहीत लिहा. नाव, वेळ, पैसे आले का, आणि आपल्याकडून "हो" गेलं का. हे चौथं फार महत्त्वाचं, ते का ते पुढे येतंच.

तिसरं, पोस्टचं काय करायचं. इन्स्टाग्रामवर पोस्टचा मजकूर नंतर बदलता येतो, पण चित्र बदलता येत नाही. आपली चूक चित्रात आहे. म्हणून आधी मजकुराच्या पहिल्या ओळीत "दुरुस्ती : चित्रातली किंमत चुकीची आहे, १ किलो ₹६८०" असं टाका, म्हणजे त्या क्षणी बघणाऱ्याला कळेल. नंतर नवीन दुरुस्तीची पोस्ट लावा. ती लागल्यावरच जुनी पोस्ट अर्काइव्ह करा. क्रम उलटा करू नका. आधी काढलं आणि मग अर्धा तास नवीन चित्र बनवत बसलात, तर मधल्या वेळात तुम्ही पळून गेल्यासारखं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आतच एडिट होतो, आपल्याला तर दोन तास उलटून गेलेत. तिथे नवीन मेसेजच पाठवायचा, आणि ज्या ब्रॉडकास्ट लिस्टला जुना गेला त्याच लिस्टला.

कोणाला जुन्या किमतीत द्यायचं?

सूचना लिहिण्याआधी हे ठरलं पाहिजे. न ठरवता लिहिलेली सूचना "गैरसोयीबद्दल क्षमस्व" यापुढे जातच नाही, कारण पुढे लिहायला निर्णयच नसतो.

वहीत बघा. समजा ९ ते ११.५० या वेळात २३ जणांनी संपर्क केला. त्यातल्या ६ जणांनी यूपीआयवर पूर्ण ₹३५० पाठवलेत. ४ जणांना काउंटरवरच्या मुलाने "हो, नोंद केली" असं उत्तर दिलंय, पैसे आलेले नाहीत. उरलेल्या १३ जणांनी फक्त "मिळेल का, अंडं आहे का, डिलिव्हरी आहे का" विचारलंय.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. नुसती किंमत जाहीर करणं म्हणजे करार नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या बंगल्याच्या विक्रीच्या प्रकरणात हेच धरलं, की किमान किंमत सांगितली म्हणजे विकायचा प्रस्ताव दिला असं होत नाही. म्हणून त्या १३ जणांना ₹३५० मध्ये द्यायला तुम्ही बांधील नाही. ग्राहकाने ऑर्डर दिली म्हणजे त्याने प्रस्ताव दिला. तुम्ही "हो" म्हणालात की तो स्वीकारला. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स आलाच पाहिजे असं नाही. म्हणजे ते ४ जणही ६ जणांच्याच रांगेत आहेत. "पण आमची चूक झाली होती" हे सांगून सुटका होतेच असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २२ सांगतं की फक्त एका बाजूच्या गैरसमजामुळे करार रद्द करता येत नाही.

इथे एक जुनी इंग्लंडमधली केस सांगण्यासारखी आहे, कारण चूक अगदी आपल्यासारखी आहे. १९३९ ची हार्टॉग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स. व्यापाऱ्याला सशाच्या कातड्यांचा दर नगावर द्यायचा होता, तो चुकून पौंडावर दिला गेला. बोलणी आधीपासून नगावरच चालली होती, त्यामुळे घेणाऱ्याला चूक कळायलाच हवी होती, असं म्हणत कोर्टाने त्याला त्या दराने माल मिळू दिला नाही. ही केस आपल्याकडे बंधनकारक नाही. पण फरक लक्षात घ्या. ₹६८० चा केक ₹६८ ला छापला तर कोणालाही कळतं की शून्य पडलंय. एक किलो ₹३५० हे मात्र नाताळची ऑफर म्हणून सहज खपतं. त्या ग्राहकाला "तुम्हाला कळायला हवं होतं" असं आपण म्हणू शकत नाही.

आता पैशाची बाजू. १० केक जुन्या किमतीत दिले तर लोक सरळ ₹३३० गुणिले १०, म्हणजे ₹३,३०० चं नुकसान धरतात आणि घाबरतात. पण एक किलो ब्लॅक फॉरेस्ट तुम्हाला पडतो कितीला? स्पंज, क्रीम, चेरी, चॉकलेट, बोर्ड, बॉक्स, गॅस-वीज आणि कारागिराचा वेळ धरून समजा ₹३९०. ₹३५० ला विकला तर खिशातून जातात ₹४०. दहा केकचे ₹४००. बाकीचे ₹२,९०० हा न मिळालेला नफा आहे. तोही दुखतो, पण तो गल्ल्यातून बाहेर गेलेला पैसा नाही. ₹४०० रोख खर्चात दहा घरी दिलेला शब्द पाळला जातोय. माझ्या मते इथे विचार करत बसू नये, दहाही द्यावेत.

हेच जर १० ऐवजी १५० ऑर्डर असत्या आणि केक ₹३९० ऐवजी ₹५५० ला पडत असता, तर रोख खड्डा ₹३०,००० चा झाला असता. तेव्हा प्रत्येकाला फोन करून दोन पर्याय द्यावे लागतात, त्याच पैशात अर्धा किलो किंवा पूर्ण पैसे परत. ग्राहकाने पर्याय मान्य केला तर प्रश्न मिटला. नाही केला तर तो आपल्या हक्कावर उभा आहे, हे ध्यानात ठेवून बोला.

दुपारी पोस्ट दाखवत थेट दुकानात येणाऱ्यांचं काय? कायद्याने तुम्ही मोकळे आहात, काउंटरवर बिल होईपर्यंत करार नाही. पण राहुरीहून किंवा पारनेरहून एसटीने आलेल्या माणसाला कायदा सांगू नका. तुम्ही आधीच एक आकडा ठरवा, समजा पाच केक. स्क्रीनशॉट दाखवणाऱ्या पहिल्या पाच जणांना, फक्त आजच्या दिवशी, ₹३५० मध्ये एक किलो द्यायचा. हे सूचनेत छापायचं नाही, नाहीतर तीच नवी ऑफर होते. फक्त काउंटरवरच्या मुलाला सांगायचं.

एक गोष्ट वेगळी. खारी, टोस्ट, नानकटाईची सीलबंद पाकिटं असतील तर पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही. पोस्टमध्ये चुकून ₹८० लिहिलं आणि पाकिटावर ₹७० असेल, तर ₹७० च.

सूचना अशी लिहा

लोक सहसा हे लिहितात :

"काही तांत्रिक अडचणीमुळे आमच्या पोस्टमध्ये किंमत चुकीची दिसली. गैरसोयीबद्दल क्षमस्व. नवीन किमतीसाठी इनबॉक्स करा. नाताळ स्पेशल १०% सूट चालू!!"

यात चार दुखणी आहेत. तांत्रिक अडचण नव्हतीच, आकडा आपण टाकला होता, आणि हे सगळ्यांना कळतं. कुठल्या केकची किंमत, कुठली चुकीची, कुठली बरोबर, काहीच नाही. "नवीन किंमत" म्हटल्यामुळे भाव वाढवल्यासारखं वाटतं, खरं तर ₹६८० हीच नेहमीची किंमत आहे. आणि शेवटी सूट जोडल्यामुळे ₹३५० हासुद्धा ग्राहक खेचायचा डाव होता की काय, अशी शंका येते. दुरुस्तीच्या पोस्टमध्ये दुसरं काहीही विकू नका.

आता आपल्या उदाहरणाची सूचना :

> दुरुस्ती : एगलेस ब्लॅक फॉरेस्ट केकची किंमत
>
> नमस्कार. आज, बुधवार २४ डिसेंबरला सकाळी ९ वाजता आमच्या पेजवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या पोस्टमध्ये १ किलो केकची किंमत ₹३५० छापली गेली. ही किंमत अर्ध्या किलोची आहे. चूक आमची आहे.
>
> बरोबर किंमत : अर्धा किलो ₹३५०, एक किलो ₹६८०. (किंमत वाढवलेली नाही, हीच नेहमीची आहे.)
>
> आज सकाळी ११.५० पर्यंत ज्यांनी पैसे पाठवले किंवा ज्यांना आमच्याकडून "ऑर्डर नोंदवली" असं उत्तर मिळालं, त्यांना १ किलो केक ₹३५० मध्येच मिळेल. वेगळं काही करायची गरज नाही, आम्ही स्वतः फोन करतोय. ऑर्डर रद्द करायची असेल तर पूर्ण पैसे आजच परत करू. पैसे परत घेण्यासाठी तुम्हाला कुठलीही लिंक उघडावी लागणार नाही किंवा पिन टाकावा लागणार नाही.
>
> जुनी पोस्ट आम्ही काढतोय. कोणी पुढे पाठवली असेल तर कृपया ही सूचनाही त्यांना पाठवा. काही शंका असल्यास दुकानाच्या नेहमीच्या नंबरवर रात्री ९ पर्यंत फोन करा.

वाक्यावाक्याचं कारण सांगतो. वेळ लिहिली, कारण स्क्रीनशॉट हातात असलेल्या माणसाला कुठल्या पोस्टबद्दल चाललंय ते लगेच जुळलं पाहिजे. चुकीची किंमत मजकुरात एकदा लिहिलीच पाहिजे, नाहीतर दुरुस्ती कशाची ते कळत नाही. पण चित्रावर मात्र मोठ्या अक्षरात फक्त बरोबर किंमत ठेवा. चुकीचा आकडा चित्रावर टाकून त्यावर लाल काट मारायची फॅशन आहे. ती टाळा. स्क्रोल करणारा काट बघत नाही, ₹३५० बघतो.

११.५० ही वेळ कुठून आली? ही सूचना लागली ती वेळ. बरेच जण इथे "९.३० पर्यंत" असं काहीतरी मागची वेळ लिहून आपले पैसे वाचवायला बघतात. १० वाजता ज्याने पैसे भरले त्याला चूक कळायला काही मार्गच नव्हता, त्याला बाहेर काढणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. चूक कळल्यावरही पोस्ट तशीच चालू ठेवणं तर त्याहून वाईट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं अनुचित व्यापार प्रथेत येतं. चूक झाली तिथपर्यंत तुमची बाजू सांगता येते, माहीत असून चालू ठेवली तर नाही.

पिनचं वाक्य कशासाठी? सणाच्या दिवसांत "रिफंड घ्या" म्हणून फसवणारे फोन येतात, आणि तुमच्या पोस्टखाली ग्राहकांची नावं उघड दिसत असतात. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे ग्राहकाला तुमच्याकडून आधी कळलेलं बरं. तुमच्या बाजूनेही दक्षता घ्या. परत मागणाऱ्याचे पैसे आले होते का हे त्याच्या स्क्रीनशॉटवरून ठरवू नका, स्वतःच्या खात्यात बघा, आणि ज्या खात्यातून आले तिथेच पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी हीच सूचना चार ओळींत करा, कारण तिथे "अधिक वाचा" दाबायला कोणी थांबत नाही. पहिल्या ओळीत बरोबर किंमत, दुसरीत चूक काय होती, तिसरीत कोणाला जुन्या किमतीत मिळेल, चौथीत फोन. आणि ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे विसरू नका. त्या १० जणांना फोनच करा.

काउंटरवर

सूचना पेजवर लागली आणि दुकानात कोणाला पत्ताच नाही, असं हमखास होतं. तीच सूचना मोठ्या अक्षरात छापून काचेवर लावा. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य द्या : "ताई, ती अर्ध्या किलोची किंमत होती, चूक आमची झाली. तुमची ऑर्डर ११.५० च्या आधी नोंदवली असेल तर साडेतीनशेतच मिळेल, नाव सांगा, बघतो." ज्याचं नाव यादीत नाही त्याला "नाही" म्हणून थांबू नका, अर्धा किलो ₹३५० ला तयार आहे हे सांगा. नाताळच्या आदल्या दिवशी बऱ्याच जणांना तेवढा पुरतो.

चिडून लिहिणाऱ्याला उत्तर एकदाच द्या, सूचनेतलंच वाक्य द्या, आणि फोन करा. तिथेच वाद घालत बसलात तर तुमची दुरुस्ती खाली जाते आणि वाद वर येतो.

चूक उलट्या बाजूचीही असू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी गणपतीतच पुढच्या महिन्याच्या पोस्ट लावून ठेवल्या होत्या त्यांच्या चित्रांवर जुनी करासकट किंमत राहण्याची शक्यता होती. ₹५०० मूळ किमतीचा केक आधी ₹५९० ला, नंतर ₹५२५ ला. अशा वेळी जास्त घेतलेले ₹६५ मागायची वाट बघू नका, आपण होऊन परत करा आणि सूचनेत तसं लिहा. (कंपोझिशन योजनेत असाल तर ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, त्यामुळे तुमचं गणित वेगळं.)

पुढच्या वेळेसाठी मी एवढंच बदलायला सांगेन. चित्रावर किंमत छापूच नका, ती मजकुरात लिहा, कारण मजकूर नंतर बदलता येतो. छापायचीच असेल तर वजन आणि किंमत एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात. आणि शेड्यूल करण्याआधी दुसऱ्या माणसाने रेट कार्ड हातात घेऊन पोस्ट मोठ्याने वाचावी, "एक किलो, सहाशे ऐंशी", अशी. नुसतं डोळ्याने बघितलं की साडेतीनशे बरोबरच वाटतं, कारण तो आकडा तुमच्या रेट कार्डवर आहेच.

काचेवरचा कागद मात्र ३१ तारखेपर्यंत राहू द्या. स्क्रीनशॉट तेवढे दिवस फिरतात.